जेसीबी विकत घ्यावा की भाड्यानं? मीटरवरचे तास काय सांगतात

दसऱ्याच्या आसपास लहान ठेकेदारांच्या घरी एकच चर्चा सुरू होते. पाऊस ओसरलेला असतो, रस्त्याची आणि पाइपलाइनची कामं उघडायची असतात, आणि गेल्या हंगामात जेसीबीच्या भाड्याला किती लाख गेले हे आठवून जीव जळत असतो. ‘एवढ्या भाड्यात हप्ता फिटला असता’ असं घरातलं कुणीतरी म्हणतं. डीलरचा माणूस फोनवर असतोच. आठवड्याभरात हार घातलेलं पिवळं मशीन दारात उभं राहतं.

निर्णय चुकीचाच असतो असं नाही. पण तो बहुतेक वेळा हप्ता आणि भाडं या दोन आकड्यांची तुलना करून घेतलेला असतो, आणि ही तुलनाच मुळात जुळत नाही. हप्ता महिन्याचा असतो, भाडं तासाचं. हप्त्यात मुद्दल असतं, भाड्यात डिझेल आणि ऑपरेटर. दोन्ही एका मापात आणायचे तर ते माप एकच आहे: मशीनच्या डॅशबोर्डवरच्या अवर मीटरचा तास. वर्षभरात हे मीटर खरोखर किती पुढं सरकणार आहे, यावर बाकीचं सगळं ठरतं.

एक उदाहरण नीट उलगडून पाहू. सातारा जिल्ह्यात पाटणच्या बाजूला गावरस्ते, गटारं आणि पाणीपुरवठ्याच्या लाइनी टाकणारा एक लहान ठेकेदार आहे असं समजा. त्याला लागतं बॅकहो लोडर, म्हणजे पुढं मोठी बकेट आणि मागं खोदायचा हात असलेलं मशीन. कंपनी कुठलीही असो, आपल्याकडं त्याला जेसीबीच म्हणतात, तेव्हा इथंही तेच म्हणू. पुढचे दर हिशोबासाठी धरलेले आहेत. आपापल्या तालुक्याचे दर घालून तेच गणित पुन्हा करता येतं. सगळे आकडे जीएसटी वगळून आहेत.

आधी तास. ‘मशीन वर्षाला किती चालेल?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: रोज आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे २,४०० तास. हा आकडा डोक्यातला असतो, मीटरवरचा नसतो. आपल्या ठेकेदारानं मात्र गेल्या वर्षीची भाड्याची बिलं काढून महिनावार तास लिहिले. ऑक्टोबर ९०, नोव्हेंबर १३०, डिसेंबर १५०, जानेवारी १६०, फेब्रुवारी १५०, मार्च १७०, एप्रिल १२०, मे १००. जूनमध्ये २०, जुलैत १०, ऑगस्टमध्ये शून्य, सप्टेंबरमध्ये २०. बेरीज १,१२० तास. डोक्यातल्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी.

एवढी तफावत का पडते, हे साइटवर उभं राहिलं की कळतं. पाटणला चार महिने पाऊस कामच करू देत नाही. उरलेल्या महिन्यांत कधी पाइप आलेले नसतात, कधी शेतकऱ्यानं लाइन अडवलेली असते, कधी इंजिनिअरनं लेव्हल तपासल्याशिवाय पुढं खोदता येत नाही. शिवाय जेसीबीनं चार तासांत खोदलेल्या चरात पाइप टाकायला गड्यांना दोन दिवस लागतात. ते दोन दिवस मशीन उभंच असतं. ज्या ठेकेदाराची दोन-तीन कामं एकमेकांजवळ चालू असतात त्याचे तास वाढतात, कारण एका साइटवर पाइप पडेपर्यंत मशीन दुसरीकडं खोदत राहतं. एकच काम असणाऱ्याचे तास काही केल्या वाढत नाहीत.

आता मालकीचा खर्च. तो दोन भागांत पडतो. एक भाग मशीन उभं असलं तरी लागतोच, दुसरा चाललं तरच लागतो. मशीन ३२ लाखांचं, पाच वर्षं वापरून १७ लाखांना विकलं, असं धरू. किंमत १५ लाखांनी उतरली, म्हणजे वर्षाला ३ लाख घसारा. पुढं भांडवलाचा खर्च: सुरुवातीला ३२ लाख अडकले आणि शेवटी १७ लाख, तेव्हा सरासरी साडेचोवीस लाख पाच वर्षं या मशीनमध्ये गुंतून राहिले. त्यावर १० टक्क्यांनी वर्षाला २ लाख ४५ हजार. यातले बँकेचे किती आणि आपले किती, यानं इथं फरक पडत नाही, कारण आपले पैसेही दुसऱ्या कामात फिरवता आले असते. विम्याचे ३५ हजार. कर, पासिंग आणि इतर किरकोळ मिळून २० हजार. आणि ऑपरेटर महिना २० हजारांवर, वर्षाला २ लाख ४० हजार. ऑपरेटर काही जण तासावर धरतात, पण चांगला माणूस पावसाळ्यात सोडून दिला की दसऱ्याला परत मिळत नाही. म्हणून तो वर्षभराचाच धरायला हवा. बेरीज ८ लाख ४० हजार. मीटर एक तासही पुढं गेलं नाही तरी हे गेलेच.

चालत्या तासाला डिझेल साधारण पाच लिटर धरू. ९० रुपयांनी ४५० झाले. ऑइल, फिल्टर आणि ग्रीस मिळून ६० रुपये, टायरचे ४०, आणि दुरुस्तीचे १०० रुपये. एकूण तासाला ६५०.

दोन्ही भाग एकत्र करा. डोक्यातले २,४०० तास धरले तर वर्षाचा खर्च २४ लाख, म्हणजे तासाला बरोबर १,००० रुपये. बाजारात ऑपरेटर आणि डिझेलसह जेसीबीचं भाडं तासाला १,३०० असेल, तर मशीन घेणं शहाणपणाचं दिसतं. मीटरवरचे १,१२० तास धरले की तोच खर्च १५ लाख ६८ हजार होतो, म्हणजे तासाला १,४००. तेवढ्याच तासांचं भाडं झालं असतं १४ लाख ५६ हजार. मशीन तेच, हप्ता तोच, ऑपरेटर तोच. भाजक तेवढा बदलला.

बरोबरीचा आकडा काढायला एकच भागाकार लागतो. भाड्याच्या १,३०० मधून चालता खर्च ६५० वजा केला की तासाला ६५० उरतात. मशीनच्या वर्षभराच्या स्थिर खर्चाला, म्हणजे ८ लाख ४० हजारांना, या ६५०नं भागलं की १,२९२ तास येतात. वर्षाला याहून जास्त तास भरणार असतील तर मालकी स्वस्त, कमी भरणार असतील तर भाडं. फक्त भागाकारात बाजारातला सांगायचा दर घालू नये. भाड्याच्या जेसीबीला बहुधा किमान काही तासांचं काम द्यावं लागतं, येण्याजाण्याचा वेळही बिलात चढतो. दोन तासांच्या कामाला चार तासांचे पैसे गेले असतील तर खरा दर दुप्पट झाला. म्हणून गेल्या वर्षी दिलेलं एकूण भाडं भागिले प्रत्यक्ष खोदाईचे तास, हाच आपला दर. लांबच्या आणि तुटक कामांमध्ये तो १,३०० वरून १,५०० वर गेलेला सापडला, तर बरोबरीचा आकडा जवळपास ९९० तासांवर उतरतो, आणि मग आपल्या ठेकेदारानंही मशीन घेणं बरोबर ठरतं.

इथं एक प्रश्न सहज पडतो. मालकाला तासाला १,४०० पडतात, तर भाड्यानं देणारा १,३०० मध्ये कसा देतो? कारण तो एका ठेकेदाराच्या कामावर अवलंबून नसतो. आज याची गटार, उद्या त्याचं शेततळं, परवा कुणाच्या घराचा पाया. बऱ्याचदा त्याचं मशीन जुनं असतं, हप्ते फिटलेले असतात, आणि ऑपरेटर म्हणून तो स्वतः किंवा त्याचा भाऊच बसलेला असतो. त्याचा स्थिर खर्च आपल्या निम्मा आणि तास दीडपट असतात. नवं मशीन कर्जावर घेऊन आपण त्याच्याशी दरात बरोबरी करू शकत नाही. ‘उरलेल्या वेळात आपणही भाड्यानं देऊ’ हा बेत कागदावर सोपा आहे, कारण बरोबरीला १७२ तासच कमी पडतात. पण लोकांना जेसीबी लागतो तो जानेवारी ते मार्चमध्येच, जेव्हा आपलीही कामं ऐन भरात असतात. शिवाय भाड्याची उधारी वसूल करणं हा वेगळा धंदा आहे.

आता हप्त्याकडं येऊ. ७ लाख पदरचे घालून २५ लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी चार वर्षांसाठी काढलं, तर हप्ता ६३,४०० रुपयांच्या आसपास बसतो. चार वर्षांत व्याज जातं सुमारे ५ लाख ४३ हजार. हा दर घटत्या शिलकीवरचा आहे. पुष्कळदा मशीन विकताना ‘साडेपाच टक्के फ्लॅट’ असं सांगितलं जातं आणि ते फार स्वस्त वाटतं. फ्लॅटमध्ये व्याज पूर्ण २५ लाखांवर चारही वर्षं लागतं, मधे कितीही मुद्दल फिटलं तरी. २५ लाखांचे साडेपाच टक्के, गुणिले चार वर्षं, म्हणजे साडेपाच लाख. घटत्या शिलकीच्या १० टक्क्यांनी येणारं व्याजही जवळजवळ तेवढंच. दोन फायनान्स कंपन्यांचे दर तोलताना टक्का बाजूला ठेवावा आणि दोघांनाही एकच विचारावं: एवढ्या रकमेला, एवढ्या महिन्यांना हप्ता किती, आणि प्रोसेसिंग फी, विमा धरून हातात येणार किती?

हप्ता हा खर्च नाही, रोकड आहे. त्यात व्याजाबरोबर मुद्दल आहे, आणि त्या मुद्दलाच्या बदल्यात १७ लाखांचं मशीन हातात उरतं. म्हणून ताशी दर काढताना हप्ता धरायचा नाही. पण तग धरायचा प्रश्न आला की हप्ताच धरायचा. वरच्या यादीत जून ते सप्टेंबर मिळून ५० तास आहेत. त्या चार महिन्यांत २ लाख ५४ हजारांचे हप्ते आणि ऑपरेटरचे ८० हजार द्यायचेच आहेत, आणि सरकारी कामाची बिलं मार्चअखेरीला अडकली तर ती नेमकी याच काळात अडकलेली असतात. कित्येक मशीन ओढून नेली जातात ती ताशी दर चुकला म्हणून नव्हे, तर पावसाळ्यातले तीन हप्ते चुकले म्हणून. पावसाळ्यात हप्ता कमी आणि हंगामात जास्त, अशी बांधणी काही फायनान्स कंपन्या करून देतात. करारावर सही करण्यापूर्वीच ती मागून घ्यावी.

लीजचा प्रस्तावही असाच फसवा दिसू शकतो. समजा कुणी म्हणालं, महिना ५५,००० द्या, पाच वर्षं मशीन वापरा, डिझेल, ऑपरेटर, विमा, दुरुस्ती तुमची, शेवटी मशीन आम्ही परत नेऊ. ६३,४०० च्या हप्त्यापुढं ५५,००० कमी वाटतात. पण लीज ज्याची जागा घेतं ते आहे घसारा आणि भांडवलाचा खर्च: ३ लाख आणि २ लाख ४५ हजार, म्हणजे महिन्याला ४५,४००. त्या मानानं लीज वर्षाला १ लाख १५ हजारांनी महाग आहे. या जास्तीच्या पैशात काय मिळतं, हे विचारायला हवं. पदरचे ७ लाख मोकळे राहतात, आणि पाच वर्षांनी मशीन किती रुपयांना विकलं जाईल ही जोखीम समोरच्याची होते. ज्याचे ७ लाख दुसऱ्या कामाच्या अनामत रकमेसाठी लागणार आहेत, त्याला हे परवडू शकतं. मात्र लीज वर्षभर चालू राहतं, पावसातही. मधेच सोडलं तर दंड असतो, आणि ठरावीक तासांपेक्षा मीटर पुढं गेलं तर जादा आकारणीही असू शकते. लीज म्हणजे लांबलेलं भाडं नाही. मालकीची सगळी बांधिलकी त्यात आहे, फक्त शेवटचं मशीन नाही.

दुरुस्तीचे १०० रुपये हा सगळ्या हिशोबातला सर्वांत डळमळीत आकडा. पहिल्या वर्षी वॉरंटी असते, बकेटचे दात आणि एखादा होज पाइप बदलला की भागतं. तेव्हा ठेकेदाराला वाटतं, दुरुस्तीला काही लागतच नाही. ४,०००–५,००० तासांच्या पुढं मागच्या हाताच्या पिना-बुशिंगमध्ये ढिलाई येते, सिलिंडरची सील किट एकामागून एक जातात, आणि हायड्रॉलिक पंप किंवा ट्रान्समिशनचं एखादं काम लाखाच्या घरात जातं. १०० रुपये ही पाच वर्षांची सरासरी आहे, पहिल्या वर्षाचं बिल नव्हे. म्हणून पहिल्या तासापासून मीटरच्या प्रत्येक तासामागं १०० रुपये वेगळ्या खात्यात टाकावेत. १,१२० तासांचे वर्षाला १ लाख १२ हजार होतात. तीन वर्षांनी पंप गेला तर तो त्यातून होतो, नाहीतर मजुरांच्या पगारातून होतो.

झीज आधी ओळखता येते. मागचा हात अर्धवट उचलून इंजिन बंद करा, सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर खडूनं खूण करा आणि दहा मिनिटांनी पाहा. दांडा स्पष्ट सरकलेला दिसला तर आतली सील किंवा व्हॉल्व्ह गळतोय. बकेट जमिनीपासून जरा वर धरून हातानं आडवी हलवली आणि पिनेपाशी खडखड जाणवली, तर बुश गेलेत. ते आज बदलले तर हजारांत भागतं. तसंच चालवत राहिलं तर पिनेचं भोकच लंबगोल होतं आणि मग वेल्डिंग, बोअरिंग करावं लागतं. याला बहुतेक वेळा कारण असतं रोजचं ग्रीसिंग चुकवणं. भाड्याच्या मशीनला मालक ग्रीस मारतो. आपल्या मशीनला कोण मारतं, हे सकाळी सातला साइटवर गेलं की कळतं.

१,१२० तासांना नवं मशीन बसत नसेल तर जुनं? ५,००० तास चाललेलं मशीन १५ लाखांना घेऊन चार वर्षांनी ९ लाखांना विकलं, तर घसारा दीड लाख. सरासरी १२ लाखांवर १२ टक्के, कारण जुन्या मशीनचं कर्ज महाग असतं, म्हणजे १ लाख ४४ हजार. विमा, कर मिळून ४५ हजार आणि ऑपरेटर २ लाख ४० हजार. स्थिर खर्च ५ लाख ७९ हजारांवर उतरला. चालता खर्च मात्र वाढतो: डिझेल ४५०, देखभाल आणि दुरुस्ती ३००. १,१२० तासांना एकूण १४ लाख १९ हजार. नव्यापेक्षा दीड लाखानं स्वस्त. पण मशीन आतून दुखणाईत निघालं आणि ३०० चे ४५० झाले, तर एकूण १५ लाख ८७ हजार होतात आणि नव्यालाही मागं टाकतात. म्हणजे जुन्याचा सगळा फायदा वरच्या खडूच्या खुणेवर आणि पिनेच्या खडखडीवर उभा आहे. मीटर कमी दिसत असेल आणि पेडलचं रबर, लिव्हरच्या मुठी गुळगुळीत झालेल्या असतील, तर मीटरवर विश्वास ठेवू नये. सर्व्हिसच्या पावत्यांवर तारीख आणि तास दोन्ही असतात. त्या क्रमानं लागतात का ते पाहावं.

राहिला चौथा मार्ग, आणि माझ्या मते या ठेकेदारासाठी तोच खरा: भाडंच, पण सगळं ताशी नाही. हंगामात पुष्कळ मालक महिन्याच्या बोलीवर मशीन देतात. समजा २०० तासांपर्यंत महिना १ लाख १५ हजार, ऑपरेटर त्यांचा, डिझेल आपलं. ताशी भाड्यातून डिझेल वजा केलं तर ८५० उरतात. १ लाख १५ हजारांना ८५०नं भागलं की १३५. म्हणजे ज्या महिन्यात १३५ तासांहून जास्त काम आहे, तो महिना बोलीवर घ्यावा, बाकीचे ताशी. आपल्या यादीत डिसेंबर ते मार्च हे चार महिने त्यात बसतात, एकूण ६३० तास. त्यांचं भाडं ४ लाख ६० हजार आणि डिझेल २ लाख ८३ हजार. उरलेले ४९० तास ताशी दरानं ६ लाख ३७ हजार. बेरीज १३ लाख ८० हजार. सगळं ताशी घेतलं असतं तर याहून ७५ हजारांनी, आणि नवं मशीन घेतलं असतं तर १ लाख ८८ हजारांनी जास्त गेले असते.

नोव्हेंबर १३० तासांवर काठावर आहे. तिथं साइटवर डिझेल कोण भरतं, यावर निर्णय ठरतो. डिझेल आपलं असलं की इंजिन रिकामं चालू ठेवायला ऑपरेटरला काही वाटत नाही, आणि मीटर रिकाम्या इंजिनलाही पुढं सरकतं. म्हणून रोज सकाळी आणि संध्याकाळी मीटरचा फोटो, टाकीत टाकलेले लिटर आणि खोदलेल्या चराची लांबी एका वहीत ओळीनं लिहावी. तासाला पाच लिटर जाऊन रोज ८० मीटर चर निघत होता आणि आता पाच लिटर जाऊन ५० मीटरच निघतो, तर एकतर मुरूम संपून खडक लागलाय, नाहीतर मशीन उभं राहून धडधडतंय. बोलीच्या करारात चार गोष्टी लेखी हव्यात: २०० तासांच्या पुढचा दर, मशीन बिघडलं तर त्या दिवसाची कपात, आणण्या-नेण्याचा खर्च कुणाचा, आणि ऑपरेटरचं जेवण-राहणं कुणाकडं. बिघाडाची कपात लिहिलेली नसेल तर मालक मेकॅनिकला सावकाश बोलावतो, आणि आपले पाइप टाकणारे गडी चराच्या काठावर बसून राहतात.